दोन मित्रांची डाळ मिल आणि वेगळे होण्याचे कलम

लातूरला भागीदारीपत्र लिहून घ्यायला दोन मित्र माझ्याकडे आले की मी पहिला प्रश्न शेवटचाच विचारतो: तुमच्यापैकी एकाला तीन वर्षांनी बाहेर पडायचे झाले, तर तो किती रक्कम घेऊन बाहेर पडेल आणि ती त्याला कोणत्या तारखेला मिळेल? बहुतेक वेळा दोघे एकमेकांकडे पाहतात आणि त्यांतला एक म्हणतो, “सर, आमच्यात तसं काही व्हायचं नाही, आम्ही शाळेपासूनचे दोस्त आहोत.” त्या मैत्रीवर माझा पूर्ण विश्वास असतो. तरीही मी उत्तरासाठी थांबतो, कारण ज्या दिवशी दोघांपैकी कोण बाहेर पडेल हे कोणालाच माहीत नसते, त्या दिवशीच दोघेही न्याय्य भाव सांगतात. एकदा जाणारा कोण हे कळले, की जाणाऱ्याला मिल महाग वाटू लागते आणि राहणाऱ्याला स्वस्त.

काही वर्षांपूर्वी असेच दोन मित्र माझ्यासमोर बसले होते. त्यांचे भागीदारीपत्र स्टॅम्प पेपरवर होते, नोंदणीही झालेली होती, पण बाहेर पडण्याबद्दल त्यात एकच ओळ होती, “निवृत्त भागीदाराचा हिशेब परस्पर संमतीने केला जाईल.” संमती संपली म्हणूनच ते माझ्याकडे आले होते, त्यामुळे त्या ओळीचा काही उपयोग उरला नव्हता. एकाच्या हातात लाल बांधणीची वही होती आणि तिच्यात जनावरांच्या खाद्यासाठी विकलेल्या चुनीची रोख रक्कम लिहिलेली होती. दुसऱ्याचे म्हणणे होते की ही वही त्याने आजवर पाहिलीच नाही. दोघांपैकी कोणीही लबाड नव्हता. चुनीचा पैसा कोणी घ्यायचा, कुठे लिहायचा आणि तो कोणाच्या खात्याला जायचा, एवढे सुरुवातीला ठरलेले नव्हते. तो हिशेब मिटायला दीड वर्ष लागले आणि मैत्री काही परत जुळली नाही.

म्हणून येथे मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. समजा, एक मित्र औशाचा आहे आणि एक उदगीरचा. औशाच्या मित्राकडे रोख पैसा आहे आणि रस्त्याला लागून स्वतःचे शेड आहे. उदगीरच्या मित्राने दहा वर्षे डाळ मिलमध्ये काम केलेले आहे. तूर हातात घेतली की ओल किती असेल हे त्याला कळते, तेल-पाणी किती द्यायचे आणि किती वाळवायचे हे त्याला ठाऊक आहे, आणि आडत्यांमध्ये त्याची ओळख आहे. औशाचा मित्र १२ लाख रुपये आणतो, उदगीरचा ३ लाख आणतो, आणि यंत्रांसाठी दोघे मिळून बँकेचे कर्ज काढतात. दोघांनी ठरवले आहे की “सगळं निम्मं-निम्मं.” आकडे कल्पित आहेत, पण अशाच प्रमाणातले व्यवहार माझ्या टेबलावर येत असतात.

“निम्मं-निम्मं” या शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे भांडवल, म्हणजे कोणी किती पैसा घातला. तो ज्याचा त्याचा असतो आणि ज्याच्या त्याच्या भांडवली खात्यात दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे मेहनताना, म्हणजे रोज मिलवर उभे राहण्याचा मोबदला. तिसरी म्हणजे नफ्यातील हिस्सा, म्हणजे पैशाचा आणि मेहनतीचा मोबदला दिल्यावर जे उरेल त्याची वाटणी. भागीदारीपत्रात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या नाहीत, तर १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा त्या जागा स्वतः भरतो, आणि त्याने भरलेल्या जागा या दोघांना मान्य असतीलच असे नाही. त्या कायद्याचे कलम १३ सांगते की वेगळा करार नसेल तर कोणत्याही भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही आणि नफा-तोटा समान वाटला जातो, मग कोणी किती पैसा घातला हे पाहिले जात नाही. भांडवलावर व्याजही करारात लिहिले असेल तरच मिळते, आणि तेही फक्त नफ्यातून.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. पहिल्या वर्षी शेडचे भाडे, मजुरी, वीज आणि बँकेचे व्याज वजा करून मिलला ९ लाख ६० हजार रुपये उरले असे धरा. भागीदारीपत्रात काहीच लिहिलेले नसेल, तर दोघांना प्रत्येकी ४ लाख ८० हजार मिळतील. औशाचा मित्र म्हणेल की माझे १२ लाख अडकले आहेत आणि त्याचे तीनच. उदगीरचा मित्र म्हणेल की मी पहाटेपासून मिलवर आहे आणि हा आठवड्यातून एकदा येतो. दोघांचेही म्हणणे खरे असेल आणि दोघेही मनातल्या मनात खट्टू होतील.

आता भागीदारीपत्रात असे लिहिले आहे असे धरा, की उदगीरच्या मित्राला कार्यकारी भागीदार म्हणून दरमहा २० हजार मेहनताना मिळेल, दोघांनाही भांडवलावर वर्षाला १२ टक्के व्याज मिळेल आणि उरलेला नफा निम्मा-निम्मा वाटला जाईल. मेहनतान्याचे २ लाख ४० हजार झाले. व्याज औशाच्या मित्राला १ लाख ४४ हजार आणि उदगीरच्या मित्राला ३६ हजार झाले. उरले ५ लाख ४० हजार, म्हणजे प्रत्येकी २ लाख ७० हजार. एकूण औशाच्या मित्राकडे ४ लाख १४ हजार आले आणि उदगीरच्या मित्राकडे ५ लाख ४६ हजार. रकमा समान नाहीत, पण कोणाला काय कशासाठी मिळाले हे दोघांनाही बोटावर मोजून सांगता येते.

याच कलमात क्रमही लिहून ठेवावा, कारण सगळी वर्षे सारखी नसतात. तुरीचा भाव चढलेला असताना साठा भरला आणि नंतर डाळीचा भाव पडला, की वर्षाला ३ लाखच उरू शकतात. तेव्हा आधी मेहनताना, मग व्याज आणि शेवटी हिस्सा असा क्रम लिहिलेला असेल, तर २ लाख ४० हजार मेहनतान्यात जातात आणि उरलेले ६० हजार भांडवलाच्या प्रमाणात व्याज म्हणून वाटले जातात, म्हणजे ४८ हजार आणि १२ हजार. हिस्सा शून्य राहतो. माझे मत असे आहे की मेहनताना नेहमी पहिला असावा, कारण ज्याचे घर त्या पगारावर चालते तो माणूस मिल सोडून दुसरीकडे नोकरीला गेला तर औशाच्या मित्राचे १२ लाखही धोक्यात येतात. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही हे कलम नीट लिहावे लागते. मेहनताना फक्त काम करणाऱ्या भागीदाराला द्यायचा असतो, तो भागीदारीपत्रात आकड्याने किंवा काढण्याच्या पद्धतीने नमूद असावा लागतो आणि भांडवलावरचे व्याज १२ टक्क्यांपर्यंतच फर्मचा खर्च म्हणून धरले जाते. “वेळोवेळी ठरेल तसा मेहनताना” असे मोघम लिहिले, तर तो खर्च नामंजूर होण्याची भीती राहते.

कामाची वाटणी लिहितानाही हाच मोघमपणा नडतो. “एक भागीदार उत्पादन पाहील व दुसरा अर्थव्यवहार पाहील” हे वाक्य मी शेकडो भागीदारीपत्रांत वाचले आहे आणि त्याने एकही भांडण मिटलेले पाहिलेले नाही. भांडण होते ते शिवेवर. एखाद्या व्यापाऱ्याला उधारीवर डाळ द्यायची की नाही हे उत्पादन आहे की अर्थव्यवहार? म्हणून पैसा जिथे जिथे हात बदलतो, त्या जागा एकेक करून लिहाव्यात. आमच्या उदाहरणात तुरीची खरेदी उदगीरचा मित्र करेल, पण एका सौद्यात २ लाखांच्या वर जायचे असेल तर औशाच्या मित्राला आधी विचारेल. उधारी कोणालाही ३० दिवसांच्या पुढे दिली जाणार नाही. चुनी आणि टरफलाची विक्री मिलच्या पावती-पुस्तकावरच होईल आणि रोख रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरली जाईल. ५० हजारांवरच्या चेकवर दोघांच्या सह्या लागतील. मतभेद झालाच तर मालाच्या प्रतीबद्दल उदगीरच्या मित्राचा शब्द शेवटचा आणि कर्ज व उधारीबद्दल औशाच्या मित्राचा शब्द शेवटचा. मात्र एक मर्यादा दोघांनीही ओळखून असावी. ही बंधने दोघांना एकमेकांपुरती लागू असतात. ज्या आडत्याला ती माहीत नाहीत, त्याच्याकडून एकाने नेहमीच्या व्यवहारात ५ लाखांची तूर घेतली, तर पैसे फर्मला द्यावेच लागतात आणि कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला दोघेही आपापल्या घरादारासकट जबाबदार असतात.

आता बाहेर पडण्याकडे वळतो. भागीदारीपत्रात मुदत लिहिली नाही आणि भागीदारी कशी संपेल हेही लिहिले नाही, तर कायद्याच्या भाषेत ती मर्जीची भागीदारी ठरते, आणि कलम ४३ प्रमाणे कोणताही भागीदार एक लेखी नोटीस देऊन फर्मच विसर्जित करू शकतो. ही नोटीस डिसेंबरात आली तर काय होईल, याचा विचार डाळीच्या धंद्यातल्या माणसाने करावा. आपल्याकडे नव्या तुरीची आवक डिसेंबर-जानेवारीत सुरू होते, वर्षाची खरेदी त्याच काळात व्हायची असते, आणि नेमक्या त्याच वेळी बँक आणि आडते दोघेही हात आखडता घेतील. म्हणून आमच्या मसुद्यात असे लिहायचे, की बाहेर पडणाऱ्याने सहा महिन्यांची लेखी सूचना द्यावी आणि बाहेर पडण्याची तारीख नेहमी ३१ मार्च असावी. वर्षाचा हिशेब त्या दिवशी तसाही बंद होतो आणि साठा मोजलाही जातो.

रक्कम काढण्याची रीत हा साऱ्या भागीदारीपत्राचा गाभा आहे, म्हणून तो सविस्तर पाहू. तीन वर्षे झाली आहेत आणि उदगीरच्या मित्राला घरच्या कारणाने बाहेर पडायचे आहे. ३१ मार्चच्या ताळेबंदात यंत्रे १४ लाखांची, तूर आणि डाळीचा साठा ९ लाखांचा, येणे ६ लाख आणि बँकेत १ लाख, असे एकूण ३० लाख दिसतात. बँकेचे कर्ज ८ लाख राहिले आहे आणि आडत्यांचे देणे २ लाख आहे. उरतात २० लाख. त्यांतले औशाच्या मित्राच्या भांडवली खात्यात १४ लाख ५० हजार आहेत आणि उदगीरच्या मित्राच्या खात्यात ५ लाख ५० हजार. हे ५ लाख ५० हजार म्हणजे त्याने आणलेला पैसा आणि न उचललेला नफा आहे, आणि त्यातला एक रुपयाही कोणत्याही कारणाने कापला जाऊ नये.

दुसरा भाग पुस्तकी किंमत आणि खऱ्या किमतीतल्या फरकाचा. यंत्रांवर घसारा काढून पुस्तकात १४ लाख दिसतात, पण दोघांना मान्य असलेल्या मूल्यांककाने बाजारभाव १७ लाख सांगितला. म्हणजे ३ लाखांची वाढ. उलट, येण्यांपैकी ८० हजार सहा महिन्यांच्या वर थकलेले आहेत. ते बाजूला ठेवले की निव्वळ वाढ २ लाख २० हजार राहते आणि तिचा निम्मा हिस्सा १ लाख १० हजार होतो. थकलेली रक्कम पुढे वसूल झाली, तर तिच्यातले निम्मे त्याला त्या वेळी द्यायचे, हेही लिहून ठेवायचे.

तिसरा भाग नावलौकिकाचा, ज्याला हिशेबात ख्याती म्हणतात. गिऱ्हाईक मिलचे नाव ऐकून डाळ घेते, त्या नावाची ही किंमत. मोठ्या उद्योगांत ती काढायच्या अनेक रीती आहेत. छोट्या मिलसाठी मी एकच सुचवतो: मेहनताना आणि व्याज दिल्यावर उरलेल्या नफ्याची तीन वर्षांची सरासरी. आमच्या मिलमध्ये पहिल्या वर्षी ५ लाख ४० हजार उरले, दुसरे वर्ष वाईट गेले आणि शून्य उरले, तिसऱ्या वर्षी ४ लाख ८० हजार उरले. सरासरी ३ लाख ४० हजार आली आणि तिचा निम्मा हिस्सा १ लाख ७० हजार झाला.

येथेच एक अट घालावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नावलौकिकातला हिस्सा पहिल्या दिवशी पूर्ण मिळू नये. तो शेतातल्या फळबागेसारखा वर्षावर्षाने हाती यावा. चार वर्षांत दरवर्षी २५ टक्के असे लिहिले, तर सहा महिन्यांत निघून जाणाऱ्याला नावाची किंमत मिळत नाही आणि चार वर्षे टिकणाऱ्याला पूर्ण मिळते. ही अट दोघांनाही सारखीच लागू असावी, नाहीतर ती पैसा नसलेल्या मित्रावरचा अविश्वास ठरते. आपल्या उदाहरणात तीन वर्षे झाली आहेत, म्हणून १ लाख ७० हजारांचे ७५ टक्के म्हणजे १ लाख २७ हजार ५०० मिळतील. तिन्ही भागांची बेरीज ७ लाख ८७ हजार ५०० होते.

रक्कम ठरली तरी ती एका दिवसात देता येत नाही, कारण फर्मच्या बँक खात्यात फक्त एक लाख आहेत. बाकी सगळे तूर, डाळ आणि लोखंडात अडकलेले आहे. एकरकमी मागणी केली तर औशाच्या मित्राला मिल विकावी लागेल, आणि “जमेल तसे देईन” म्हटले तर उदगीरचा मित्र वर्षानुवर्षे चकरा मारील. म्हणून असे लिहावे की १ लाख ८७ हजार ५०० रुपये बाहेर पडल्यापासून ३० दिवसांत द्यावेत आणि उरलेले ६ लाख दरमहा ५० हजारांच्या बारा हप्त्यांत, ठरलेल्या व्याजासह द्यावेत. दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल. काहीच लिहिले नसेल आणि हिशेब न मिटवता मिल चालूच राहिली, तर कलम ३७ जाणाऱ्याला त्याच्या मालमत्तेच्या वापराने झालेला नफा किंवा सहा टक्के व्याज यांपैकी एक निवडण्याचा हक्क देते. पण तो नफा नेमका किती, हे सिद्ध करण्यासाठी न्यायालयातच जावे लागते.

आपल्या घरांत एक जुनी रीत आहे: एका भावाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. काही मित्रांना तीच रीत येथेही लावाविशी वाटते, म्हणजे एकाने मिलचा भाव सांगायचा आणि दुसऱ्याने त्या भावाने विकत घ्यायचे की विकून टाकायचे ते निवडायचे. दोघांची ऐपत सारखी असेल तर ही रीत उत्तम आहे. आपल्या दोघांची ऐपत सारखी नाही. उदगीरच्या मित्राकडे विकत घ्यायला पैसाच नाही हे ओळखून औशाचा मित्र कमी भाव सांगू शकतो. ही रीत ठेवायचीच असेल, तर घेणाऱ्याला पैसा उभा करायला किमान तीन महिने आणि वरचीच हप्त्यांची सवलत द्यावी. शिवाय शेड औशाच्या मित्राचे आहे. उद्या त्याने शेड रिकामे करायला सांगितले तर यंत्रे रस्त्यावर येतील आणि भावाची सगळी बोलणी एकतर्फी होतील. म्हणून फर्मच्या नावाने शेडचा पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार भागीदारीपत्राबरोबरच करावा, आणि मिल विकत घेणारा भागीदार कोणीही असला तरी तो करार त्याच्या नावे चालू राहील असे त्यात घालावे.

हिशेब मिटला तरी दोन टोके लोंबकळत राहतात. बँकेने कर्ज देताना दोघांच्या सह्या घेतलेल्या असतात, आणि दोघांनी आपसात काहीही लिहिले तरी बँक जाणाऱ्याला मोकळे करत नाही. बँकेने लेखी दिल्याशिवाय उदगीरच्या मित्राने शेवटच्या हिशेबावर सही करू नये. दुसरे टोक म्हणजे बाजार. कलम ७२ प्रमाणे जाहीर सूचना, म्हणजे फर्म निबंधकाकडे कळवणे आणि राजपत्रात व स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात प्रसिद्धी, झाली नाही, तर तो बाहेर पडल्यानंतर फर्मच्या नावाने झालेल्या देण्यांतही त्याचे नाव ओढले जाऊ शकते. ही दोन कामे कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने करायची, हे मसुद्यात असावे.

दोघांच्याच फर्मची एक अडचण तीन भागीदारांच्या फर्मला नसते. एक गेला की उरलेल्या एकट्याची फर्म राहत नाही; ती त्याची एकट्याची मालकी होते. फर्मचा पॅन संपतो, जीएसटी क्रमांक पॅनवर बेतलेला असल्याने तोही नवा घ्यावा लागतो, अन्न परवाना आणि बँक खाते बदलावे लागते. मृत्यूच्या बाबतीतही हेच होते. “एका भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म चालू राहील” असे लिहिले तरी दोनच भागीदार असतील तर ते टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून तेथे असे लिहावे की उरलेला भागीदार मिल स्वतःच्या नावे चालवू शकेल आणि मृत मित्राच्या वारसांना वरच्याच तीन भागांच्या रीतीने रक्कम देईल. वारसांसाठी चार वर्षांची अट मात्र काढून टाकावी. मृत्यूची शिक्षा कोणाच्या बायको-मुलांना होऊ नये.

शेवटी नोंदणीबद्दल. नोंदणी न केलेल्या फर्मला करारातली रक्कम वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. कलम ६९ प्रमाणे, फर्म नोंदलेली नसेल तर भागीदारालाही भागीदारीपत्रातला हक्क मिळवण्यासाठी फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही; विसर्जनाचा आणि विसर्जित फर्मच्या हिशेबाचा दावा तेवढा लावता येतो, कारण तोही बंद करणारी महाराष्ट्राची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केली. म्हणजे वरचे सगळे नीट लिहिलेले असूनही नोंदणी नसेल, तर भागीदारीपत्राच्या बळावर ७ लाख ८७ हजार ५०० रुपये न्यायालयात मागणे उदगीरच्या मित्राला अवघड होईल. सही झाल्यावर त्याच आठवड्यात अर्ज फर्म निबंधकाकडे जायला हवा, आणि त्याची पोच दोघांच्या घरी असायला हवी.